पोटॅशियम ५.४: आईच्या शरीरातलं की नळीतलं?

प्रश्न: आईची (वय ६१) रुटीन रक्ततपासणी घरी माणूस बोलावून केली. सगळं नॉर्मल आहे, फक्त पोटॅशियम ५.४ आलंय आणि समोर रेंज ३.५ ते ५.१ लिहिली आहे. तिला बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० चालू आहे, शुगर नाही, त्रास काही नाही. डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर घाबरायचं का? आम्ही इंदिरानगर, नाशिकला राहतो.

उत्तर: मी नाशिकमध्येच पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे अशा रिपोर्टखाली सही करणाऱ्यांपैकी. आईंना काही त्रास नसेल आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन खरोखर नॉर्मल असेल, तर सोमवारपर्यंत थांबायला हरकत नाही. पण हा आकडा 'जरासाच तर जास्त आहे' म्हणून सोडूनही देऊ नका.

रेंज कशी ठरते हे आधी बघा. बऱ्याच निरोगी माणसांची तपासणी करतात आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथे पडतात तेवढा पट्टा छापतात. म्हणजे निरोगी माणसांतलेही शंभरात पाच जण पट्ट्याबाहेरच राहतात. पॅकेजमध्ये वीस-पंचवीस तपासण्या असल्या की एखादा आकडा ठळक होऊन येणं अगदी नेहमीचं आहे. पुष्कळ तपासण्यांत एवढ्यावर विषय संपतो. पोटॅशियममध्ये संपत नाही, कारण ते खरंच वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात: हे पोटॅशियम पेशंटच्या अंगात वाढलंय, की रक्त काढल्यानंतर नळीत?

शरीरातलं बहुतेक सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं. आत बाहेरच्यापेक्षा तीसपट किंवा त्याहूनही जास्त. आपण मोजतो ते बाहेरचं, पेशींभोवतीच्या पाण्यातलं. त्यामुळे रक्त काढताना किंवा नेताना पेशींतून थोडंसं जरी बाहेर झिरपलं तरी आकडा चढतो. दंडाला पट्टा बांधून 'मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा' करायला लावलं की हाताच्या स्नायूंतून पोटॅशियम सुटतं, आणि एवढ्यानेच अर्ध्या ते एकापर्यंत फरक पडू शकतो. सुई बारीक, शीर सापडत नाही, सिरिंज जोरात ओढली, की तांबड्या पेशी फुटतात. अशा नमुन्याचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी, गुलाबी दिसतं आणि लॅब रिपोर्टखाली 'हिमोलाइज्ड' असा शेरा टाकते. तुमच्या रिपोर्टवर तळाशी बारीक अक्षरात तसं काही आहे का, बघा.

फसवतो तो वेगळाच प्रकार. घरून घेतलेली नळी, यंत्रात फिरवून सीरम वेगळं न करता, तीन-चार तास बर्फाच्या पिशवीला टेकून राहिली, तर पेशी फुटत नाहीत, सीरम छान पिवळं दिसतं, शेराही येत नाही, आणि तरी पोटॅशियम वाढलेलं असतं. पोटॅशियमला पेशीत ओढून ठेवणारा पंप थंडीत मंदावतो, एवढंच कारण. नमुना थंड ठेवला म्हणजे तो चांगला राहिला, हा समज पोटॅशियमला लागू नाही. आपल्याकडे निफाडचा पारा खाली आल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत सकाळी सहाला बाइकवरून निघालेला मुलगा सात घरं करून दहाला लॅबमध्ये पोचतो, तेव्हा पिशवीत बर्फ नसला तरी नळी गारच असते.

अशीच एक केस मला आठवते. सिडकोतल्या एक बाई, साठीच्या आसपास, पोटॅशियम ५.६. शेरा नाही. क्रिएटिनिन ०.८, कॅल्शियम ९.४, प्लेटलेट अडीच लाख. कॅल्शियम मी मुद्दाम बघितलं. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं, त्यातच पोटॅशियम असतं. त्या नळीतलं रक्त चुकून दुसऱ्या नळीत आलं तर पोटॅशियम वाढतं आणि कॅल्शियम घसरतं. इथे ते घसरलेलं नव्हतं. प्लेटलेट पाच लाखांच्या वर असत्या तर रक्त गोठताना त्यांच्यातून पोटॅशियम सुटलं असतं, तेही नव्हतं. जुना रिपोर्ट मागवला, त्यात ४.३. किडनी ठीक, औषधं तीच, आणि आकडा मात्र एकाहून जास्त वर. माणसाचं पोटॅशियम रोजच्या रोज एवढं हेलकावत नाही. बाईंना लॅबमध्येच बोलावलं, मूठ मिटू दिली नाही, पट्टा मिनिटभरात सोडला, रक्त गोठताच नळी फिरवून सीरम वेगळं केलं. आलं ४.४.

याच्या उलटही बघा, नाहीतर तुम्ही निर्धास्त व्हाल. नाशिकरोडचे एक गृहस्थ, पोटॅशियम फक्त ५.३, म्हणजे वरच्या बाईंपेक्षा कमीच. पण क्रिएटिनिन १.५, सहा महिन्यांपूर्वी १.१ होतं. शुगर जुनी, टेल्मिसार्टन चालू, आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली पेनकिलर रोज दोन वेळा. शिवाय बीपीसाठी चांगलं म्हणून सुनेने 'लो सोडियम' मीठ आणलेलं. या मिठात सोडियमच्या जागी बऱ्याच प्रमाणात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन किडनीला पोटॅशियम बाहेर टाकू देत नाही, पेनकिलर किडनीचा रक्तपुरवठा कमी करते, आणि वर ताटातून भर. त्यांच्या फिजिशियनना मी त्याच दिवशी फोन केला. ईसीजी काढला, तो ठीक होता. पेनकिलर आणि ते मीठ बंद केलं, आठवड्याने पुन्हा तपासलं: पोटॅशियम ४.७, क्रिएटिनिन १.२. यांच्या बाबतीत ५.३ खरं होतं आणि आणखी महिनाभर गेला असता तर ते वाढत गेलं असतं.

आता तुमच्या आई. टेल्मिसार्टन आहे, म्हणून खऱ्या वाढीची शक्यता मी बाजूला टाकणार नाही. घरून नमुना घेतलाय, म्हणून खोट्या वाढीचीही नाही. एक-दोन दिवसांत लॅबमध्ये जाऊन पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा करा आणि 'आधीचं जास्त आलंय, मूठ न मिटता घ्या' असं काउंटरवर स्पष्ट सांगा. शक्यतो तीच लॅब, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतील. तोवर नारळपाणी, ते मीठ आणि पेनकिलर नको. बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच काय ते करा. दुसरा आकडा ६ च्या वर आला, किंवा त्याआधीच हातापायांतली ताकद गेल्यासारखं वाटलं, छातीत धडधडलं, नाडी फार हळू लागली, लघवी कमी झाली, तर सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.

सोमवारी जाताना दोन्ही रिपोर्ट, सापडला तर मागच्या वर्षीचा एखादा, आणि आई घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, आयुर्वेदिकसकट. रक्त किती वाजता घेतलं आणि लॅबला किती वाजता पोचलं हे बहुतेक रिपोर्टवर छापलेलं असतं, त्या दोन वेळांवर पेनाने खूण करून ठेवा.