पंधरा मिनिटांचा कॉल मागणारा मेल

प्रश्न: मी रत्नागिरीत एम.एफ.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅनडातल्या एका प्राध्यापकांकडे पीएच.डी. करायची इच्छा आहे. त्यांना मेल करून छोटा व्हिडिओ कॉल मागू का? उद्धट वाटेल का? आणि मेलमध्ये नेमकं काय लिहू?

उत्तर:

जरूर मागा, उद्धट अजिबात वाटत नाही. मात्र कॉल कशासाठी हवा आहे ते मेलमध्येच दिसलं पाहिजे. मीही रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातूनच असा मेल पाठवला होता, पुढे पीएच.डी. करून परत आलो, आणि आता दर वर्षी ओळखीतल्या चार-पाच मुलांचे मेल पाठवण्याआधी वाचतो. त्यातले बहुतेक एकाच जागी अडकतात. मुलं लिहितात, ‘तुमच्या संशोधनात मला खूप रस आहे, प्रवेशाबद्दल बोलायला वेळ द्याल का?’ हे वाक्य कुठल्याही प्राध्यापकाला लागू पडतं, त्यामुळे ते आपल्यासाठी लिहिलेलं नाही हे त्यांना पहिल्या ओळीतच कळतं.

आधी कॅनडाचा हिशेब समजून घ्या, कारण त्यावरच काय विचारायचं ते ठरतं. विज्ञान शाखेत तिथे बऱ्याच विभागांत एखादा प्राध्यापक तुम्हाला घ्यायला तयार असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. तुमच्या स्टायपेंडचा मोठा भाग सहसा त्यांच्याच संशोधन अनुदानातून येतो. म्हणजे त्या वर्षी त्यांच्याकडे पैसा आणि जागा नसेल, तर तुम्ही कितीही हुशार असलात तरी उत्तर ‘नाही’ असंच येणार, आणि ते तुमच्याबद्दलचं मत नसतं. उलट ते ‘हो’ म्हणाले तरी शेवटचा प्रवेश विभागाची समिती देते. गुणपत्रक, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रं तिच्यापुढे जातात. त्यामुळे ‘माझी ॲडमिशन होईल का’ हे प्राध्यापकांना विचारू नका, त्यांच्या हातात ते पूर्ण नसतं. त्यांच्या हातात दोनच गोष्टी असतात: सप्टेंबरसाठी विद्यार्थी घेणार आहेत का, आणि तुमचा विषय त्यांच्या कामात बसतो का. पहिलीचं उत्तर एका ओळीच्या मेलने मिळतं. कॉल लागतो तो दुसरीसाठी.

दुसरीबद्दल सविस्तर सांगतो, सगळा जीव तिथेच आहे.

माझं प्रबंधाचं काम भाट्ये खाडीतल्या कालवांवर होतं. दर महिन्याला ओहोटीच्या वेळी खडकांवर जायचं, कालवं काढणाऱ्या बायकांच्या मागोमाग चिखल तुडवत तीस नग गोळा करायचे, मांस आणि शिंपा वेगळे करून 60 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे. सुक्या मांसाचं वजन भागिले सुक्या शिंप्याचं वजन, गुणिले शंभर. हा झाला स्थितिनिर्देशांक, म्हणजे कालव किती भरलेलं आहे त्याचं माप. जुलै-ऑगस्टमध्ये तो खाली यायचा. त्याच दिवसांत पावसाच्या पाण्याने खाडीचा खारटपणाही उतरायचा.

आता घसरणीची कारणं दोन असू शकतात. कालवांनी अंडी-शुक्राणू पाण्यात सोडले की मांस हलकं होतं. किंवा पाणी गोडं झालं की कालव शिंपा मिटून बसतं, शिंपा मिटला की पाणी गाळून खाणंही थांबतं, आणि ते उपासाने बारीक होतं. माझ्या आकड्यांवरून यातलं कोणतं कारण खरं हे सांगता येत नव्हतं. प्रजननग्रंथीचे पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवे होते, आणि शिंपा दिवसाचे किती तास उघडा असतो तेही मोजायला हवं होतं. यातलं काहीच मी केलेलं नव्हतं.

प्रबंधात ही उणीव म्हणून लिहिली होती. आमच्या सरांनी ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित केली आणि म्हणाले, ‘‘अरे, हाच तुझा मेल आहे.’’ मी ज्या प्राध्यापकांना लिहिणार होतो, ते शिंप्यावर बारीक सेन्सर चिकटवून त्याची उघडझाप दिवसरात्र नोंदवायचे. त्यांच्या पेपरमध्ये खारटपणा काही तासांपुरताच उतरवलेला होता. आपल्याकडे पावसाळ्यात तो आठवडेच्या आठवडे उतरलेला असतो. त्यांच्याकडे पद्धत होती, माझ्याकडे परिस्थिती होती. विषय बसतो की नाही ते अशा जागी ठरतं.

मेल अर्थात इंग्रजीत गेला. त्याचा मजकूर मराठीत सांगायचा तर असा होता:

‘विषय: पीएच.डी., सप्टेंबर 2018: पावसाळी खाडीतल्या कालवांची उघडझाप.

प्रा. अमुक, मी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, रत्नागिरीत मत्स्यविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. एका खाडीतल्या कालवांचा स्थितिनिर्देशांक मी बारा महिने मोजला. सोबत एक आलेख जोडला आहे. पावसाळ्यातली घसरण प्रजननामुळे की शिंपा मिटून राहिल्यामुळे, हे माझ्या आकड्यांवरून ठरत नाही. तुमच्या पेपरमध्ये खारटपणा काही तासांसाठी उतरवला आहे. इथे तो कित्येक आठवडे कमी राहतो. इतका काळ गेल्यावर उघडझापीची लय बदलते का, हा प्रश्न तुमच्या पुढच्या कामात बसू शकेल का? आणि सप्टेंबर 2018 साठी तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का? घेणार असाल तर पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल शक्य होईल का? सोयीच्या तीन वेळा खाली दिल्या आहेत. घेणार नसाल तर एका ओळीचं उत्तर पुरेसं आहे.’

खाली नाव, दोन पानांचा बायोडेटा आणि तो आलेख. बस्स. पूर्ण प्रबंध जोडू नका, पहिल्या मेलला तो कुणी उघडत नाही. ‘रिस्पेक्टेड सर’ तर मुळीच नको. मागच्या वर्षी एका मुलीने एका बाईंना ‘सर’ लिहून पाठवलं होतं. ‘प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव, एवढं बरोबर असतं. पाठवण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर नव्या विद्यार्थ्यांसाठीचं पान शोधून शेवटपर्यंत वाचा. काही जण तिथे लिहून ठेवतात की मेलच्या विषयात अमुक शब्द घाला. तो नसेल तर पान वाचलेलं नाही असं धरून मेल बाजूला पडतो.

वेळेबाबत माझ्याकडून चूक झाली होती, ती सांगतो. ऑक्टोबरच्या शेवटी आमचं ठरलं: गुरुवार, 9 नोव्हेंबर 2017, कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे सकाळचे दहा. त्या दिवसांत त्यांच्यात आणि आपल्यात साडेआठ तासांचा फरक होता, म्हणून मी संध्याकाळचे साडेसहा धरले. पण कॅनडात बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे करतात. 5 तारखेला फरक साडेनऊ तासांचा झाला होता. मी साडेसहाला स्काइप लावून बसलो, पावणेसात झाले, सात झाले, कुणी नाही. सातला मी ‘आपण आला नाहीत’ असा मेल टाकला. सर्व तयारी करून समोरच्यालाच दोषी ठरवलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं की अजून अर्धा तास आहे. लाज वाटली ती वाटलीच. तेव्हापासून मी मुलांना सांगतो, वेळ देताना शहराचं नाव, वार, तारीख आणि दोन्हीकडचे तास लिहा, आणि त्या तारखेचा फरक बघा, आजचा नव्हे. मार्चमध्ये दुसऱ्या रविवारी घड्याळं पुन्हा पुढे जातात, तेव्हाही तेच.

आपल्याकडच्या लाईटचंही आधी बघून ठेवा. फोन पूर्ण चार्ज, डेटा फोनवरच, आणि कॉल तुटला तर पाच मिनिटांत मेल करीन हे सुरुवातीलाच सांगून टाकायचं. माझी लाईट चौथ्या मिनिटाला गेली. फोनवर बोलणं चालू राहिलं, फक्त माझा चेहरा अंधारात.

कॉलमध्ये त्यांनी माझ्या आवडीनिवडी विचारल्या नाहीत. विचारलं, मांस किती वेळ वाळवलं, स्थिर वजन कसं ठरवलं, छेद का केले नाहीत. छेद करायचं यंत्र वेळेवर मिळालं नाही आणि मी पर्यायी पद्धतही शोधली नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. आपण मोजलेलं आपल्याला तपशिलात ठाऊक आहे का, एवढंच ते पाहत होते. शेवटच्या तीन मिनिटांत मी विचारलं: स्टायपेंड कुठून येईल, किती वर्षांचा धरता, आणि अर्ज करण्याआधी विभागाला तुमचं संमतीपत्र लागतं का. हे विचारायला संकोच करू नका. तिथल्या लोकांना पैशाचा प्रश्न अपेक्षितच असतो.

उत्तरांचे अर्थ लावायला शिका. ‘जरूर अर्ज करा’ एवढंच आलं तर ते सौजन्य आहे, त्यावर विसंबून बाकीची दारं बंद करू नका. ‘स्वतःची शिष्यवृत्ती आणलीत तर आनंदच आहे’ याचा अर्थ त्यांच्याकडे पैसा नाही. ‘गुणपत्रक पाठवा, मंगळवारी चालेल का’ असं आलं तर खरा रस आहे. काहीच आलं नाही तर दहा-बारा दिवस थांबा, मग त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी टाका. तिसऱ्यांदा लिहू नका, दुसरा प्राध्यापक शोधा. सप्टेंबरच्या प्रवेशासाठी आधीच्या वर्षी गणपती ते दिवाळी हा काळ मेल पाठवायला चांगला. अर्जांच्या तारखा साधारण डिसेंबरपासून सुरू होतात.

एक गोष्ट देशानुसार बदलते. नॉर्वे, स्वीडन, नेदरलँड्समध्ये पीएच.डी. ही बहुधा जाहिरात देऊन भरलेली पगारी नोकरी असते. तिथे कॉल मागायचा तो जाहिरातीत दिलेल्या संपर्क व्यक्तीला, आणि त्याच प्रकल्पाबद्दल. अमेरिकेत पुष्कळ विभागांत समितीच ठरवते, तिथे प्राध्यापक फक्त ‘यंदा घेतोय’ किंवा ‘नाही’ इतकंच सांगू शकतात.

कॉल संपल्यावर त्याच रात्री मेल करा. मी चार ओळी लिहिल्या: काय बोललो, पुढे मी काय पाठवणार आहे, कधीपर्यंत. त्यांनी महिन्यागणिक खारटपणाचे आकडे मागितले होते. ते वहीत होते, चिखलाच्या डागांसकट. लाईट आल्यावर मी ते तक्त्यात भरले आणि रात्री साडेदहाला पाठवून दिले. सकाळी उठलो तेव्हा विभागाच्या अर्जाची लिंक आलेली होती.