स्लिपवर सहा लाख पौंड, हातात एक लाख

«सर, मी ऐरोलीत राहतो. भाचा लेस्टरला असतो. दर महिन्याला त्याला पाच हजार रुपये पाठवतो, त्यातून तो दर शनिवारी बारा फुटबॉल सामन्यांचा 10 पौंडांचा अक्युम्युलेटर, म्हणजे सगळे सामने लागले तरच पैसे देणारी एकत्र पैज, लावतो. प्रत्येक सामन्याला भाव 2.5 च्या आसपास. बाराही लागले तर सहा लाख पौंड, वर पन्नास टक्के बोनस. त्यासाठी मुलीच्या कॉलेजची एसआयपी सध्या थांबवली आहे. ही रक्कम भारतात आणली तर टॅक्स किती? स्लिप आणि कंपनीच्या नियमांचं पान जोडलं आहे.»

जिंकणारे तुम्ही धरलात तर टॅक्स 30 टक्के, वर अधिभार आणि उपकर. मूळ सूट मिळत नाही. पण टॅक्सचा प्रश्न नंतरचा. बाराही सामने लागले तरी सहा लाख पौंड मिळणार नाहीत, हे तुम्हीच पाठवलेल्या पानावर लिहिलं आहे. मोठ्या लीगला कमाल पेआउट 10 लाख पौंड, खालच्या लीगला 1 लाख, आणि एकाच स्लिपवर दोन्ही असतील तर लहान मर्यादा लागू. तुमच्या स्लिपवर शेवटचे दोन सामने इंग्लंडच्या नॅशनल लीगचे, म्हणजे पाचव्या पायरीचे आहेत. त्या दोन ओळींनी अख्ख्या स्लिपला एक लाखाचं झाकण बसलं. स्लिपवरचा आकडा नुसता गुणाकार आहे, मर्यादा पैसे देताना लागते.

आता हिशोब करू. 2.5 ला दहा वेळा गुणलं तर साडेनऊ हजार होतात, म्हणजे 10 पौंडांवर 95 हजार. अकरावा आणि बारावा सामना जोडून बक्षीस वाढलं फक्त पाच हजारांनी. शक्यता मात्र कोसळली. प्रत्येक भावात कंपनीचं मार्जिन असतं. ते पाच टक्के धरलं तर एक सामना लागण्याची खरी शक्यता 38 टक्के. दहा सामने लागण्याची शक्यता साधारण साडेपंधरा हजारांत एक, बाराची एक लाख सात हजारांत एक. सातपट जोखीम वाढवली आणि मोबदला जवळपास शून्य.

तिकिटाची खरी किंमत, म्हणजे बक्षीस गुणिले ते लागण्याची शक्यता, काढा. मर्यादा नसती तर 10 पौंडांच्या तिकिटाची किंमत साडेपाच पौंड होती. मर्यादेमुळे ती 93 पेन्स झाली. एक लाखाच्या झाकणापर्यंत पोहोचायला या स्लिपवर 1 पौंड 70 पेन्स पुरतात. उरलेले आठ पौंड दर शनिवारी असे जातात की जिंकलात तरी त्यांचा एक पेनीही वाढीव मोबदला नाही. हे मला खरंच सहन होत नाही.

बोनसचंही तेच. नियमाप्रमाणे बोनसची रक्कम कमाल पेआउटच्या आतच मोजली जाते. झाकण आधीच लागलेलं असताना पन्नास टक्के कशावर? शिवाय बोनससाठी प्रत्येक सामन्याचा भाव किमान 1.5 हवा. त्यामुळे 1.2 भावाचा, म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या आसपास शक्यता असलेला सामना त्यांच्या मोजणीत धरला जात नाही. बोनसच्या ओढीने भाचा त्या जागी 2.5 चा घेतो आणि अशा प्रत्येक अदलाबदलीत स्लिप लागण्याची शक्यता निम्म्याहून खाली जाते. भाव चढल्यामुळे झाकणही लवकर गाठलं जातं. समजा बाराही सामने मोठ्या लीगचे घेतले आणि बोनस पूर्ण मिळाला, तरी दहा पौंडांची किंमत सव्वाआठच्या आसपास. फायद्याचा व्यवहार त्यातही नाही.

आता तुम्ही विचारलं नाही ते. परदेशी लॉटरी, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक अशा गोष्टींसाठी भारतातून पैसे पाठवायला फेमा या परकीय चलन कायद्याच्या 2000 च्या चालू खाते नियमांत मनाई आहे. बँकेत तुम्ही 'नातेवाइकाच्या खर्चासाठी' लिहून पाठवत असाल, तर उद्देशही चुकीचा नोंदवला गेला. फेमाखाली दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. आणि खातं भाच्याचं असल्याने कंपनीच्या लेखी जिंकणारा तोच. दुसऱ्याच्या पैशाने लावलेल्या पैजा अशा कंपन्या बहुतेक वेळा नाकारतात, आणि तशी अट तुमच्या पानाच्या तळाशी छापली आहे. 'आपलाच भाचा आहे' हे तिथे चालत नाही.

पाठवणं आजच थांबवा. आधी गेलेल्या रकमांच्या पावत्या घेऊन सीएला भेटा आणि उद्देशात काय लिहिलं आहे ते त्यांना दाखवा.

मुलीच्या कॉलेजला आठ वर्षं असतील, तर महिना पाच हजार आणि वार्षिक 10 टक्के धरून सात लाखांच्या पुढे जमतात. 10 टक्क्यांची हमी नाही, तरी आकड्याचा अंदाज येतो. तेच पाच हजार या स्लिपवर गेले तर वर्षाच्या साठ हजारांमागे साडेपाच हजारांची खरी किंमत विकत घेतली जाते. एसआयपी 'पॉज' केली असेल तर ती मुदतीनंतर आपोआप चालू होईल, तारीख पाहून घ्या. 'कॅन्सल' केली असेल तर एसआयपी नव्याने नोंदवावी लागेल; मँडेटही रद्द झाला असेल तर नवीन द्यावा लागेल आणि बँकेच्या मंजुरीला काही दिवस जातील, म्हणून तो अर्ज याच आठवड्यात करा.