आधी एकच तुकडी असलेला विषय मांड

आवडीच्या क्रमाने विषय मांडायला घेतलेस तर वेळापत्रक हमखास अडतं. प्रत्येक विषयाच्या किती तुकड्या आहेत ते आधी मोज आणि ज्याची एकच तुकडी आहे तो सगळ्यात आधी मांड, कारण तो हलणार नाही.

समज, सांख्यिकीचं लेक्चर फक्त सोम-बुध १० वाजता आहे आणि अर्थशास्त्राचं फक्त मंगळ-शुक्र १२ वाजता. मानसशास्त्राच्या तीन तुकड्या आहेत: अ सोम-बुध १० ला, ब मंगळ-शुक्र १२ ला, क गुरुवारी ३ ते ५. पहिले दोन विषय मांडले की अ आणि ब आपोआप बाद होतात, उरते क.

आता खरी गोची प्रॅक्टिकलची. सांख्यिकीच्या बॅच मंगळवारी २ ते ४ आणि गुरुवारी २ ते ४ अशा असतील, तर गुरुवारची बॅच मानसशास्त्राच्या तासावर येते. म्हणजे तुला मंगळवारचीच बॅच हवी. ती भरली तर सगळी मांडणी कोसळते, म्हणून नोंदणी उघडताच पहिली जागा तिथेच धर, मग क तुकडीत. बहुतेक जण लेक्चर आधी नोंदवतात आणि इथेच फसतात.

मंगळवारची बॅच मिळालीच नाही, तर मानसशास्त्र पुढच्या सत्रात घे. पण ते पुढच्या सत्रात शिकवणार आहेत का, हे विभागात आजच विचारून ठेव. अर्ध्या तासाचाही ओव्हरलॅप 'सांभाळून घेऊ' म्हणून सोडू नकोस, दर आठवड्याला तोच अर्धा तास बुडतो.