मेथोट्रेक्सेट आठवड्याऐवजी रोज घेतली गेली तर?

*बाबांना सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट फक्त सोमवारी घ्यायची होती, त्यांनी चार दिवस रोज घेतली. त्रास काहीच नाही. पुढच्या सोमवारपर्यंत वाट बघू का?*

नका बघू. गोळी बंद करा आणि पाकीट घेऊन आत्ताच हॉस्पिटल गाठा. रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला बसलेला फटका रक्तात दिसायला काही दिवस लागतात, म्हणून आज बरं वाटण्यावर विसंबू नका. तोंड येणं, ताप, अंगावर निळे डाग हे पुढचं. तिथे रक्तपेशी, किडनी, लिव्हर तपासतील आणि गरजेप्रमाणे फोलिनिक ॲसिडचा उतारा देतील. मेथोट्रेक्सेटसोबत दिलेली घरातली फोलिक ॲसिडची गोळी त्याऐवजी चालत नाही. घोळ कधीकधी या दोन गोळ्यांच्या अदलाबदलीमुळेही होतो. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा छोट्या, पिवळ्या! बाबा दारू घेत असतील तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लिव्हरवर दोन्हींचा भार पडतो.