आधी स्वयंपाकघरातली ती सकाळ बघ

तू आजवर नवेच सिनेमे पाहिलेस, म्हणून साध्या माणसांचं रोजचं जगणं दाखवणाऱ्या इटलीच्या सिनेमाची, म्हणजे नववास्तववादाची, सुरुवात एका प्रसंगापासून कर. व्हित्तोरिओ दे सिकाचा 'उंबेर्तो डी.' (1952) लाव आणि मोलकरीण मारिया सकाळी उठते तिथे थांब. ती काडी ओढते, भिंतीवरच्या मुंग्यांकडे बघते, खुर्चीत बसून कॉफी दळते आणि बसल्या बसल्याच पाय लांबवून दार लोटते. दिवस गेलेत, लग्न झालेलं नाही. दळता दळता डोळे भरतात. संवाद एकही नाही.

आजचा संकलक यातलं बहुतेक सगळं कापून थेट अश्रूंवर येईल. पटकथाकार झावात्तिनींना मात्र हा 'रिकामा' वेळच हवा होता. कंटाळा आला तरी पुढे ढकलू नकोस; दळण्याचा वेळ गेला की रडणं नुसती माहिती उरतं.

मग फ्रेंच दिग्दर्शक गोदारचा 'ब्रेथलेस' (1960) बघ. गाडीत बसलेल्या नायिकेची, पॅट्रिशियाची, मान कॅमेऱ्यासमोर तशीच राहते, मागचं पॅरिस मात्र टुणकन बदलतं. सिनेमा फार लांबला होता, तेव्हा गोदारने अख्खे प्रसंग काढण्याऐवजी शॉटच मधूनमधून कापले. तुला यात नवल वाटणार नाही, कारण असे कट तू मोबाइलवर रोज बघतोस. म्हणून दोन्ही प्रसंग एकाच संध्याकाळी, लागोपाठ बघ. पहिला प्रसंग वेळ कापायला नकार देतो, दुसरा कापतो आणि काप उघडा ठेवतो. दोघांनाही वेळ लपवायचा नाही.