प्रयोगानंतर खरं सांगितलं, की झालं?

प्रश्न: सोलापुरात मानसशास्त्रात एम.ए. करतेय. प्रबंधासाठी मुलांना बुद्धिचाचणीचे खोटे गुण सांगून नंतर त्यांची चिकाटी मोजायची आहे. शेवटी सगळं खरं सांगणारच आहे, तरी एथिक्स कमिटी अडवतेय. का?

उत्तर: इथल्याच एका कॉलेजच्या अशा समितीवर मी बसतो. तुमचं खोटं बोलणं आम्हाला तितकंसं खटकत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही असे प्रयोग सरसकट बाद केलेले नाहीत. अडतं ते ‘शेवटी खरं सांगणार’ या एका ओळीवर.

१९७५ मध्ये रॉस, लेपर आणि हबर्ड यांनी नेमकं हेच तपासलं. सहभागींना चिठ्ठ्यांच्या २५ जोड्या दिल्या आणि प्रत्येक जोडीतली आत्महत्या करणाऱ्याची खरी चिठ्ठी ओळखायला सांगितली. (आज हा विषय घेऊन कुणी आलं, तर आधी त्यावरच वाद होईल.) कुणाला २४ बरोबर सांगितले, कुणाला १७, कुणाला १०, सगळे आकडे आधीच ठरलेले. मग ते बनावट असल्याचं उघड केलं. तरीही ‘तुमची खरी उत्तरं किती बरोबर असतील?’ असं विचारल्यावर २४ वाल्यांनी स्वतःला वरचढ मानलं आणि १० वाल्यांनी कमी. आकडा खोटा ठरला, पण तो ऐकल्यावर ‘मला माणसं कळतातच’ किंवा ‘मला हे कधी जमलंच नाही’ अशी जी कारणं मनात जुळली होती, ती तशीच राहिली.

पुढच्या प्रयोगात, आकडा खोटा कळल्यावरही मत का चिकटून राहतं आणि त्याचा तोटा काय, हे सविस्तर समजावलं. तेव्हा परिणाम बराच ओसरला.

आता तुमचे सहभागी बघा. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या घरातून कॉलेजात पोचलेली पहिलीच मुलगी. बुद्धी कमी आहे, असं ती कदाचित आधीच ऐकून आहे. तेच तुम्ही छापील कागदावर देणार. श्रीमंत घरातल्या मुलापेक्षा तिचं नुकसान जास्त, आणि तुमच्या नमुन्यात अशाच मुली जास्त असणार. शिवाय तुम्ही तिच्याच कॉलेजच्या असाल, तर ‘नाही’ म्हणणं तिला जड जाईल.

म्हणून आधी ‘बुद्धी’ काढा. कोडी सोडवायला द्या, गुण फक्त त्या कोड्यांपुरते सांगा. चिकाटी तरीही मोजता येते. डिब्रीफिंग, म्हणजे प्रयोगानंतर खरं सांगणं, गटात नको, एकेकीशी करा. सुरुवातीला ‘प्रयोग कशाबद्दल वाटला?’ विचारा, म्हणजे कुणाला संशय आला होता तेही कळेल. मग कुणाला कोणते गुण सांगायचे हे ठरवणारी चिठ्ठी तिच्यासमोर ठेवा, मत का चिकटतं ते सांगा, आणि शेवटी तिलाच विचारा की आता ती स्वतःला किती गुण देईल. अजूनही कमीच देत असेल, तर तिला उठू देऊ नका. तिला स्वतःची माहिती प्रयोगातून मागे घ्यायची असेल, तर कारण न विचारता घेऊ द्या.

कँटीनमध्ये बातमी फुटेल म्हणून सगळ्यांना महिनाभराने एकदम सांगायचा बेत असेल, तर तो समिती मान्य करणार नाही. फुटू नये म्हणून सगळी सत्रं दोन दिवसांत उरका.