चावी पूर्ण भरलेली आणि घड्याळ बंद

प्रश्न: वडिलांचं जुनं चावीचं एचएमटी बंद पडलंय. चावी पूर्ण भरलेली आहे, पण काटे हलत नाहीत. दुकानदार म्हणतो जास्त चावी दिल्यामुळे आतून गेलंय, मशीन बदला. खरंच दुरुस्त होत नाही का?

बहुतेक वेळा होतं. आणि जास्त चावी दिल्यामुळे घड्याळ बंद पडतं ही समजूत आधी मनातून काढून टाका. स्प्रिंग पूर्ण भरली की चावी पुढे फिरायची थांबते, एवढंच. भरलेली स्प्रिंग म्हणजे ताकद शिल्लक आहे, फक्त ती काट्यांपर्यंत पोचत नाही. स्प्रिंग तुटली असती तर चावी अडली नसती, ती नुसतीच फिरत राहिली असती. म्हणजे तुमची स्प्रिंग शाबूत आहे, दोष पुढे कुठेतरी आहे.

हे मी ठामपणे सांगते, कारण माझ्या घड्याळाचं अगदी असंच झालं होतं आणि ते दुरुस्त होताना मी शेजारी बसून पाहिलं आहे.

मी अमळनेरची. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. 1984 मध्ये नोकरी लागली तेव्हा वडिलांनी मला एचएमटी ‘जनता’ घेऊन दिलं, 17 ज्वेल्सचं, म्हणजे आत झीज कमी व्हावी म्हणून 17 इवलेसे खडे बसवलेलं. लेडीज घड्याळ नको म्हणून मीच हट्ट धरला होता, कारण फळ्यावर लिहितालिहिता मान न वळवता वेळ दिसायला हवी होती. प्रॅक्टिकलला पेंड्युलमची वीस आंदोलनं मुलांनी या घड्याळाच्या सेकंद काट्यावर मोजली आहेत. शाळेतलं स्टॉपवॉच कुलपात असायचं आणि किल्ली हेडमास्तरांकडे.

बंद पडण्याआधी त्याने बरीच लक्षणं दाखवली होती. आधी रोज चार-पाच मिनिटं मागे पडू लागलं. मग असं व्हायला लागलं की हातात असेपर्यंत चालायचं आणि रात्री काढून टेबलावर ठेवलं की पहाटेच्या सुमाराला थांबायचं. उचलून हातात घातलं की पुन्हा सुरू. आपल्याकडे जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा असतो, त्या दिवसांत हे जास्त होई. शेवटी एका सकाळी हातात घालूनही सुरू झालं नाही. तुमच्या वडिलांच्या घड्याळाचं शेवटी शेवटी असं काही होत होतं का, हे घरात विचारून बघा. तसं असेल तर निम्मं निदान तिथेच झालं.

मोठ्या शहरातल्या एका दुकानात नेलं, तर तिथेही तुम्हाला मिळालं तेच उत्तर: ओव्हरवाइंड झालंय, हे मशीन काढून सेलचं टाकून देतो. मी घड्याळ परत घेऊन आले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आप्पांची टपरी आहे. एक काचेची पेटी, एक टेबल, टेबलाच्या कडेला खाली उघडलेला खण, म्हणजे निसटलेला स्क्रू जमिनीवर न पडता त्यात पडावा. आता दिवसभर सेल बदलणं आणि पट्टे लावणं हेच काम, पण हात जुन्या मशीनवर बसलेला. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि तोंडाने नाही, रबरी फुग्याने बॅलन्सच्या, म्हणजे झोके घेत वेळ मोजणाऱ्या चाकावर हलकी हवा मारली. चाक दोन-तीन झोके घेऊन थांबलं. ते म्हणाले, “बाई, घडी मरेल नई, चिकटी गयेल शे.” म्हणजे घड्याळ मेलेलं नाही, चिकटलंय.

त्या एका फुंकरीत त्यांनी काय पाहिलं ते नंतर समजावलं. घड्याळ खाली पडून बॅलन्सच्या धुरीचं टोक मोडलं असेल तर चाक एका बाजूला कलंडतं, झोका सपाट राहत नाही. डायलवर ‘पॅराशॉक’ लिहिलेलं असतं ते याच टोकांसाठी: तिथले खडे स्प्रिंगवर बसवलेले असतात, धक्का बसला की जरासे सरकतात. माझ्या घड्याळाचा झोका सपाट होता, पण आखूड. चाकाला मागेपुढे झुलवणारी केसासारखी हेअरस्प्रिंग गुंतलेली नव्हती, वेटोळी एकमेकांना चिकटलेली नव्हती. म्हणजे धुरी आणि हेअरस्प्रिंग बरी आहेत, अडतंय ते तेलात.

मग पहिलं काम, चावीने भरलेल्या मेन स्प्रिंगची ताकद उतरवणं. चावी चिमटीत घट्ट धरायची, दातेरी चाक अडवून ठेवणारा छोटा खटका टोकदार चिमट्याने बाजूला करायचा आणि चावीला बोटांमधून सावकाश उलटं फिरू द्यायचं. हे न करता पुढचे भाग काढले तर सगळी ताकद एकदम सुटते आणि चाकांचे दात नाहीतर धुऱ्या मोडतात. तुम्हाला घरी झाकण उघडून बघायचा मोह झाला तर या एका कारणासाठी आवरा.

ताकद उतरल्यावर त्यांनी बॅलन्स उचलला, त्याखालचा पॅलेट, म्हणजे चाकांना ठोक्याठोक्याला अडवून सोडणारा भाग, काढला आणि चावीला अगदी थोडा पीळ दिला. आता चाकांना अडवणारं काही उरलं नव्हतं. स्वच्छ मशीन असेल तर अशा वेळी चाकं सर्रकन फिरतात आणि थांबताना शेवटचं चाक किंचित उलटं येतं. माझ्या मशीनमधली चाकं जड पावलांनी निघाली आणि मध्येच थांबली. भिंगातून त्यांनी मला दाखवलं: प्रत्येक लाल खड्याच्या भोकाभोवती तपकिरी कडं. तेल वर्षानुवर्षांत सुकून डिंक झालं होतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, टपरीतली धूळ काय आणि वर्गातला खडू काय, सगळं आत झिरपतं. उन्हाळ्यात तेल पातळ होऊन पसरतं, जागेवर कमी उरतं, आणि उरलेलं घट्ट होतं. गारठ्यात ते आणखी घट्ट, हाताच्या उबेने थोडं सैल. म्हणून रात्री थांबायचं आणि सकाळी हातात चालायचं.

धुलाई पेट्रोलमध्ये झाली. स्पिरिट का नाही, असं मी विचारलं. त्यांनी पॅलेटच्या टोकाचे दोन इवलेसे खडे दाखवले. ते लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मुलांना द्रावक शिकवताना हे उदाहरण माझ्याकडे असतं तर किती बरं झालं असतं, असं मनात आलं. चाकं मऊ ब्रशने, आणि खड्यांची भोकं टोक काढलेल्या लाकडी काडीने साफ केली. काडी भोकात फिरवायची, काळी झाली की टोक पुन्हा तासायचं, काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. नुसतं बुडवून काढलं तर हा डिंक निघत नाही. पुष्कळ ठिकाणी सर्व्हिसिंगच्या नावाखाली फक्त बुडवून वर तेल सोडतात आणि घड्याळ वर्षभरात पुन्हा अडतं.

तेलाचं काम सगळ्यात नाजूक. सुईसारख्या तारेच्या टोकावर जेवढं राहील तेवढंच, खड्याच्या खळगीत. जास्त झालं तर कडेवरून ओघळून जातं आणि धुरी कोरडीच राहते. मेन स्प्रिंगच्या डब्यात घट्ट ग्रीस. पॅलेटच्या धुरीला तेल नाही, हेअरस्प्रिंगला तर अजिबात नाही, थेंब लागला की वेटोळी चिकटतात आणि घड्याळ भन्नाट पुढे पळतं. शिलाई मशीनचं किंवा खोबरेल तेल सोडलेली घड्याळं त्यांच्याकडे अजूनही येतात, आणि त्यांना धुवायला दुप्पट वेळ लागतो.

बॅलन्स परत बसवल्यावर, चावीचे दोन-तीन पीळ देताच ते आपणहून चालू झालं. हलवावं लागलं नाही. आप्पांच्या मते ही खरी परीक्षा: हलवल्यावर सुरू होणारं घड्याळ दुरुस्त झालेलं नसतं.

पण लगेच दिलं नाही. हे मशीन सेकंदाला पाच ठोके देतं, म्हणजे दिवसाला 4,32,000. त्यात हजारी एक ठोक्याची चूक झाली तरी दिवसाला जवळजवळ दीड मिनिटाचा फरक पडतो. पहिल्या दिवशी ते मिनिटभर पुढे गेलं. बॅलन्सच्या पट्टीवर एक छोटी दांडी असते, ती सरकवली की हेअरस्प्रिंगची कामाची लांबी कमी-जास्त होते. आखूड केली की घड्याळ जलद, लांब केली की मंद. त्यांनी ती केसभर मंद बाजूला नेली, एक दिवस डायल वर करून ठेवलं, एक दिवस उभं ठेवलं. दोन्हीत थोडा फरक राहतोच. आता माझं रोज अर्धा मिनिट पुढे जातं, एवढं या वयाच्या मशीनला चांगलं आहे. त्यांनी साडेतीनशे रुपये घेतले. मला ते कमी वाटले, त्यांनी जास्त घेतले नाहीत.

तुमच्या कारागिराला एवढंच सांगा: “मशीन बदलू नका. पूर्ण उघडून धुवा, आणि उघडल्यावर बॅलन्सची धुरी शाबूत आहे का ते मला दाखवा.” जो भिंग तुमच्या हातात द्यायला तयार असतो त्याच्याकडे काम द्या. पूर्ण धुलाईला दोन-चार दिवस लागतात, तासाभरात देतो म्हणणाऱ्याकडे ठेवू नका.

धुरी मोडलेली निघाली किंवा ओल जाऊन पोलादी भाग गंजलेले निघाले, तर मात्र गोष्ट वेगळी. 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली, त्यामुळे सुटे भाग कारागिराच्या जुन्या डबीतून किंवा दुसऱ्या बंद घड्याळातूनच मिळतात. आजोळी, काकांकडे, कपाटाच्या खणात तशाच मशीनचं एखादं निकामी एचएमटी पडलेलं असेल तर तेही सोबत घेऊन जा.